टाकाऊतून चालतं मॉडेल : गुण द्यायचे कशावरून? (हापसा विरुद्ध जेसीबी)

तापीकाठ

मंडळी, आमच्या केंद्रावर पंधरवड्याने टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या चालत्या मॉडेलची स्पर्धा आहे. गट सहावी ते आठवी. परीक्षकांत माझं नाव टाकलंय. हातात जो कागद आलाय त्यावर चार निकष आहेत: कार्य, कल्पकता, पुनर्वापर आणि स्पष्टीकरण. एकूण गुण शंभर. कोणत्या निकषाला किती आणि ते कशावरून द्यायचे, याबद्दल एक अक्षर नाही.

रंगीत तालीम म्हणून शाळेपुरती फेरी घेतली. मी आणि आमचे एक सहकारी असे दोघं परीक्षक. शेवटी दोनच मॉडेलवर गाडी अडली.

पहिलं, सिरिंजवर चालणारा जेसीबी. पुठ्ठ्याचा पिवळा रंगवलेला सांगाडा, आईस्क्रीमच्या काड्यांचा हात, चार जोड्या सिरिंज, मध्ये सलाइनची नळी आणि नळीत रंगीत पाणी. दट्ट्या दाबला की हात वर, दुसरा दाबला की बादली पलटी. दिसायला एकदम भारी. पोरगं धडाधड बोलत होतं.

दुसरा, हापसा. शेतात पडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाला सायकलच्या ट्यूबची झडप, चपलेच्या तळव्यातून कापलेलं वायसर, ठिबकच्या जुन्या नळीतून पाणी ओढायचं आणि वरच्या तोटीतून बाहेर. दिसायला काहीच नाही. बादली टेबलाखाली, हापसा टेबलावर. पोराने हापसलं, पाणी आलं, पण बरचसं गळून गेलं आणि आमच्यासमोर जेमतेम अर्धी बाटली भरली. पोरगं कमी बोलतं.

सहकाऱ्यांनी जेसीबीला ८२ आणि हापशाला ६१ दिले. मला उलटं वाटतंय, पण का ते कागदावर मांडता येईना. 'मला आवडलं' असं तर लिहिता येत नाही. जाणकारांनी सांगा.

चिडीचूप

जेसीबी. दर वर्षी जेसीबी. खान्देशातल्या सगळ्या प्रदर्शनांतले जेसीबी एका रांगेत लावले तर तापीवर धरण होईल.

भरीतपार्टी

सर, विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली आणि परीक्षक म्हणून तालुक्या-तालुक्यात बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गुणांची वाटणी करून टाका. मी कार्याला ३०, पुनर्वापराला २५, स्पष्टीकरणाला २५ आणि कल्पकतेला २० ठेवतो. कल्पकतेला सगळ्यात कमी, कारण तिथेच परीक्षकाची आवडनिवड सगळ्यात जास्त घुसते.

आता कार्य. 'चालतंय का' हा प्रश्न अर्धवट आहे. काय करायला केलंय ते आधी ठरल्याशिवाय चालतंय की नाही हे कसं ठरणार? म्हणून मी मॉडेलला हात लावू देण्याआधी पोराकडून एक वाक्य घेतो: "हे काय करून दाखवणार?" ते वाक्य गुणपत्रकाच्या वरच लिहायचं. "दहा हापशांत अर्धा लिटर पाणी टेबलावर आणतो" हे वाक्य चालेल. "पाणी वर आणतो" एवढ्यावर सोडायचं नाही, किती आणि कुठपर्यंत ते विचारायचं. जेसीबीवाल्यालाही तेच: किती वजन, किती उंच? मग त्याच्या वाक्याशी ताडून बघायचं, शेजारच्या मॉडेलशी नाही.

आणि एकदाच बघायचं नाही. तीन वेळा करून घ्यायचं, चालवणार पोरगं, परीक्षकाने हात मागे बांधून उभं राहायचं. एकदा चाललं तर तो योगायोग असू शकतो, एकदा बिघडलं तर तोही योगायोगच असू शकतो. तुम्ही हापसा कितीदा करून बघितला?

तापीकाठ

एकदाच आबा. वीस मॉडेलं होती आणि दुपारी खिचडीची घंटा झालेली.

पऱ्हाटी

धरणगावकडचा शेतकरी आहे, मास्तर नाही. पण पुनर्वापराचं मला सोपं वाटतं. काटा आणा. आख्खं मॉडेल तोला, मग विकत आणलेल्या वस्तू वेगळ्या तोला. शंभरात किती टक्के टाकाऊ निघालं तेवढे गुण. भांडणच नाही. आम्ही कापूस असाच तोलून देतो, तिथे कोणी कल्पकता विचारत नाही.

वायरमन

भाऊ, मग माझा पोरगा खाली एक फुटकी वीट लावेल आणि पंचवीसपैकी चोवीस घेऊन जाईल. जुन्या फळीचा पाया दोन किलोचा आणि वर नवीकोरी मोटर शंभर ग्रॅमची. काटा म्हणेल सगळं टाकाऊ, पण काम सगळं मोटर करतेय.

पऱ्हाटी

बरं, विटेचं खरं आहे. पण मग मोजायचं तरी कसं? तोंड बघून?

भरीतपार्टी

पऱ्हाटीभाऊंचा मोजण्याचा आग्रह बरोबरच आहे, फक्त माप चुकीच्या जागी लागतंय. वजनाऐवजी काम करणाऱ्या भागांकडे बघा. जो भाग काढला की मॉडेल बंद पडतं, तो काम करणारा भाग. बाकी सगळं अंग, पाया, रंग, सजावट. मी पोराला कागदावर प्रत्येक भागाचं नाव लिहायला लावतो आणि पुढे तीनच शब्दांपैकी एक: भंगारातला, घरात उरलेला, विकत आणलेला. मग काम करणाऱ्या भागांवर बोट ठेवून मोजायचं.

सरांच्या दोन मॉडेलांना हे लावून बघू. जेसीबीत काम करणारे भाग म्हणजे सिरिंजा, त्यांना जोडणारी नळी आणि हात. सिरिंजा आणि नळी मेडिकलमधून आलेल्या असणार आणि काड्यांचं पाकीट स्टेशनरीतून. भंगारातला फक्त पुठ्ठा, आणि तो अंग आहे, काम करत नाही. हापशात उलट आहे. पाइप, झडप, वायसर, ओढायची नळी असा एकूण एक काम करणारा भाग आधी दुसरं काहीतरी करून आलेला आहे. २५ पैकी एकाला ७ आणि दुसऱ्याला २२ देताना माझा हात थरथरणार नाही.

यात अजून एक पायरी आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वस्तू टाकाऊ आहे एवढ्यावर थांबू नका, तिचा गुणधर्म वापरलाय का ते बघा. सायकलची ट्यूब झडपेला लावली कारण ती लवचिक आहे आणि पाण्याच्या दाबाने भोकावर चिकटून बसते. चपलेचा तळवा लावला कारण तो दाबला की फुगून पाइपाला टेकतो. ही निवड आहे. बाटलीच्या झाकणांची नुसती माळ चिकटवली तर तोही पुनर्वापरच, पण वरवरचा.

वायरमन

आबा, सिरिंजवाल्यावर जरा अन्याय होतोय. नवीन सिरिंज दहा रुपयांना मिळते, गरीब पोरगंही आणू शकतं. दवाखान्यातून वापरलेली आणली असती तर ती टाकाऊत धरली असती ना? मग २२ दिले असते का?

भरीतपार्टी

वापरलेली आणली असती तर मी मॉडेल टेबलावरून खाली उतरवलं असतं. वापरलेली सिरिंज हा जैववैद्यकीय कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सुई काढलेली सिरिंज आणि सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत जातात, सुया वेगळ्या पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. दवाखान्याबाहेर तो माल शाळेत यायलाच नको. गुरांच्या इंजेक्शनचीही तीच गत, पशुवैद्यकाच्या कचऱ्यालाही हेच नियम आहेत. दर प्रदर्शनात कोणीतरी अभिमानाने सांगतं, "सर, ही आमच्या काकांच्या दवाखान्यातली टाकलेली." टाकाऊच्या नादात मुलांच्या हाती हे देऊ नका. स्पर्धेच्या सूचनेतच लिहा.

म्हणजे नवीन आणली तर पुनर्वापरात शून्याजवळ आणि वापरलेली आणली तर बाद. ते पोरावर अन्याय वाटत असेल, पण मुळात सिरिंजचा जेसीबी हा टाकाऊच्या स्पर्धेत बसणारा विषयच नाही असं माझं मत आहे. पाण्याच्या दाबाचं तत्त्व शिकवायला मात्र उत्तम.

वायरमन

इथे मात्र सहमत नाही. तत्त्व दाखवायला लागणारी एखादी वस्तू विकत आणली म्हणून ७ म्हणजे फारच झालं. मी १२ देईन.

खापरपोळी

नमस्कार. चर्चा छान चाललीये. माझी मुलगी पाचवीत आहे, आम्ही मूळच्या भडगावकडच्या, आता नाशकात. तिलाही शाळेत असंच करायचंय. हापशाची मापं कोणी देईल का, पाइप किती इंची घ्यायचा? रविवारी मी आणि तिचे बाबा बसून करू.

गेल्या वर्षी तिने बाटलीचा व्हॅक्यूम क्लीनर केला होता, अगदी स्वतः. पंखा पत्र्याचा कापला, वेडावाकडा. भुसा ओढायचा, कधी ओढायचा नाही. पहिला नंबर आला तो सुतारकामासारख्या गुळगुळीत मॉडेलला, जे त्या मुलाच्या वडिलांनी केलं हे सगळ्या गल्लीला माहीत. लेकरू तीन दिवस जेवलं नाही नीट.

चिडीचूप

ताई, पहिल्या परिच्छेदात "मी आणि तिचे बाबा बसून करू", दुसऱ्यात वडिलांनी केलेल्या मॉडेलवर राग. 😀

खापरपोळी

अहो, आम्ही फक्त कापून देणार! करवत तिच्या हातात कशी देऊ?

भरीतपार्टी

ताई, कापून देणं वेगळं. पाचवीच्या मुलीला करवत मोठ्यांनीच धरून द्यावी. पण हा प्रश्न धाग्याचाच आहे, कारण स्पष्टीकरणाचे २५ गुण त्यासाठीच आहेत. मॉडेल कोणी केलं हे विचारून कळत नाही, सगळे "मीच" म्हणतात. कळतं ते मॉडेलमध्ये काहीतरी बदलून विचारल्यावर. "ही झडप काढली तर काय होईल?" "पाइप दुप्पट जाड घेतला तर हापसायला हलकं की जड?" ज्याने केलंय त्याच्या हाताला उत्तर आधी येतं. बहुतेकदा ते पोरगं बोलण्याआधी तो भाग धरून दाखवतं. पाठ करून आलेलं पोरगं तुमच्या तोंडाकडे बघतं आणि भाषण पहिल्यापासून सुरू करतं.

सर, तुमच्या जेसीबीवाल्याने काय सांगितलं होतं? आठवतंय?

तापीकाठ

हो. "पास्कलच्या नियमानुसार कमी ताकदीत जास्त वजन उचलता येतं." अगदी घडाघडा.

भरीतपार्टी

आणि सिरिंजा?

तापीकाठ

सगळ्या ५ मिलीच्या. अरे हो...

वायरमन

झालं! दोन्हीकडे सारखीच सिरिंज असेल तर ताकद वाढतच नाही. जेवढं दाबाल तेवढंच पलीकडे मिळतं, थोडं घर्षणात जातं ते वेगळं. ताकद वाढवायची तर दाबायची लहान, उचलायची मोठी, ५ मिली दाबा आणि १० मिली उचलायला लावा. मग जोर जास्त, पण पलीकडचा दट्ट्या कमी सरकतो. शिवाय जेसीबीत सिरिंज हाताच्या सांध्याजवळ लावलेली असते, म्हणजे उरलेला जोर टोकापर्यंत जाताना आणखी घटतो. आमच्या पोरांना आयटीआयत हा प्रश्न विचारला की अर्धे गप्प होतात.

नळीत हवेचा बुडबुडा राहिलाय का तेही बघा सर. दट्ट्या दाबल्यावर हात लगेच न उठता थोडा दमाने उठला आणि सोडल्यावर जरा खाली बसला, तर आत हवा आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. "हात उशिरा का उठतो?" हे त्याला विचारा. हवेचं नाव घेतलं तर पोराने स्वतः भरलंय.

सातपुडा_वाट

धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते. स्पष्टीकरणाला २५ ठेवलेत त्याची मला भीती वाटते. आमची मुलं पावरी बोलतात, भिलोरी बोलतात. तालुक्याला नेलं की शहरातल्या मुलाचं प्रमाण मराठी ऐकून परीक्षक माना डोलावतात आणि आमचं लेकरू तोंड उघडत नाही. मॉडेल त्याचं, पण २५ गुण दुसऱ्याच्या जिभेचे.

भरीतपार्टी

बाई, अगदी खरं. म्हणून मी बोलण्याला गुण देत नाही, दाखवण्याला देतो. तुमच्या मुलाने काहीही न बोलता झडप उघडून, बोटाने दाबून, पाणी कुठून परत जातं ते दाखवलं तर ते पूर्ण स्पष्टीकरण आहे. आणि त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावं, शेजारी उभ्या त्याच्या बाईंनी मराठीत सांगावं. अहिराणीत बोलणाऱ्याला तर आपल्याकडे दुभाष्याचीही गरज नाही.

सातपुडा_वाट

कागदावर असं लिहून आलं तर बरं होईल. परीक्षकाच्या मर्जीवर सोडलं तर नाही होणार. आणि शेजारी उभ्या शिक्षकाने भाषांतर करता करता उत्तरच सुधारून दिलं तर? मी स्वतः मोहात पडेन.

पऱ्हाटी

सर, एक विचारू? हापशाच्या दट्ट्यावर चपलेचं वायसर म्हणालात. नुसतं वायसरच आहे की त्याच्यावर काही गुंडाळलंय? आमच्या विहिरीवरच्या जुन्या हापशाला चामड्याचं वायसर होतं, कोरडं पडलं की पाणी यायचं नाही. वरून तांब्याभर पाणी ओतलं, चामडं भिजलं की यायला लागायचं.

तापीकाठ

काहीतरी गुंडाळलंय खरं. तपकिरी, सुतळीसारखं. विचारलं नव्हतं. सोमवारी दोन्ही मॉडेलं परत लावतो आणि आबांच्या पद्धतीने करून बघतो.

तापीकाठ

सोमवारी केलं. सांगतो.

हापसावाल्याने वाक्य दिलं: "दहा हापशांत अर्धा लिटर." बाटलीवर घरच्या मापाने रेघ मारून आणली. पहिल्या वेळेस दहा हापशांत ३०० मिली आलं. मी काही बोलणार तेवढ्यात पोरगं म्हणालं, "सोपट आजून भिजनं नही, सर. थांबा." पऱ्हाटीभाऊ, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. वायसर पाइपात थोडं सैल बसत होतं म्हणून त्याने केळीच्या वाळलेल्या सोपटाची दोरी वळून दट्ट्यावर गुंडाळली होती. ती पाण्यात फुगते आणि फट भरते. दट्ट्या पाण्यात बुडवून ठेवला, मग दुसऱ्या वेळेस ५२० मिली, तिसऱ्या वेळेस ५६०. शनिवारी मी त्याला कोरड्या सोपटावर तपासलं होतं.

जेसीबीने "२०० ग्रॅम माती एक वीत उचलतो" म्हटलं आणि तिन्ही वेळा उचलली. कार्यात तो निर्विवाद पुढे. सिरिंजचा प्रश्न विचारल्यावर मात्र पास्कल परत पहिल्यापासून सुरू झाला. हवेचा प्रश्न विचारल्यावर पोराने आईकडे बघितलं, आई दारात उभी होती.

वायरमन

वा! सोपटाची युक्ती म्हणजे नळजोडणीवाले आट्यांवर सुतळीचा धागा गुंडाळतात तीच. कोणी शिकवलं त्याला?

तापीकाठ

कोणीच नाही म्हणतो. आधी सुती चिंधी लावली, ती निघून झडपेत अडकली. मग नुसतं वायसर ठेवलं, पाणी गळालं. घरी केळीच्या घडाला सोपटाची दोरी बांधलेली होती, ती ओली झाल्यावर सुटेना, तेव्हा सुचलं म्हणे.

भरीतपार्टी

हे जे आत्ता लिहिलंत ना सर, ते कल्पकतेचे गुण. यूट्यूबवर हापसा आहेच. सायकलची ट्यूब आणि फिल्मच्या रिकाम्या डब्यांचे पंप अरविंद गुप्तांनी कधीचे दाखवलेत, आणि पोरांनी बघून करावेत म्हणूनच दाखवलेत. बघून केलं म्हणून कल्पकता शून्य होत नाही. मी विचारतो, "जे बघितलं त्यात तू काय बदललं आणि का?" या पोराकडे दोन फसलेले प्रयत्न आहेत आणि तिसऱ्याचं कारण आहे. २० पैकी १४-१५ द्या. जेसीबीवाल्याने रंग बदलला असेल तर ५-६.

आता हापशाच्या कार्याला किती, त्याचा हिशेब करून बघा. पाइपाचा आतला व्यास मोजलात का? आणि दट्ट्या किती वर-खाली होतो?

तापीकाठ

आतून २८ मिमी. दट्ट्याची ओढ १५ सेमी.

भरीतपार्टी

मग एका हापशात जास्तीत जास्त किती पाणी येईल? त्रिज्या १.४ सेमी, तिचा वर्ग १.९६, त्याला ३.१४ ने गुणलं की साधारण ६.१५ चौरस सेमी. त्याला १५ ने गुणा, ९२ मिली. दहा हापशांत ९२० यायला हवं. आलं ५६०, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास. घरच्या घरी कापलेल्या वायसरला साठ टक्के म्हणजे चांगलं. उरलेलं कुठे जातंय ते पोराला शोधायला सांगा. दहा हापसे हळू मारायचे आणि दहा जोरात. हळू मारल्यावर पाणी बरंच कमी आलं तर दट्ट्याच्या बाजूने गळतंय, कारण गळायला वेळ मिळतो. आणि हापसा दोन मिनिटं तसाच ठेवून परत मारला आणि पहिले काही हापसे कोरडे गेले, तर तळाची झडप पाणी धरत नाही.

पण हे गुणांसाठी नाही हां. गुण त्याच्या वाक्यावर. अर्धा लिटर म्हणाला, तीनपैकी दोनदा दिलं आणि पहिल्यांदा का दिलं नाही ते स्वतः सांगून दुरुस्त केलं. ३० पैकी मी २२ देतो. जेसीबीला २७.

तापीकाठ

मग जेसीबी: कार्य २७, कल्पकता ६, पुनर्वापर ७, स्पष्टीकरण १०. बेरीज ५०. हापसा: २२, १५, २२ आणि स्पष्टीकरण २१. बेरीज ८०. वायरमनभाऊंचे पुनर्वापराचे १२ धरले तरी जेसीबी ५५.

सहकाऱ्यांना हा कागद दाखवला. ते म्हणाले, "कार्यात तर तुम्हीही जेसीबीलाच जास्त दिलेत, मग मी काय वेगळं बोललो?" पुनर्वापर पटला त्यांना. कल्पकतेच्या १५ ला नाही. म्हणतात, सोपट गुंडाळणं म्हणजे जुगाड, कल्पकता नव्हे.

चिडीचूप

जुगाडाला गुण नसतील तर टाकाऊची स्पर्धा ठेवता कशाला.

पऱ्हाटी

ठिबकची नळी पण पुनर्वापरात धरलीत ना? आता माझी शंका. जुनी नळी भंगारवाला किलोवर घेतो, पैसे देतो. ज्याचे पैसे मिळतात ते टाकाऊ कसं? आमच्याकडे ती गोठ्याला दावं म्हणून पण वापरतात.

भरीतपार्टी

पहिलं काम संपलं की मी टाकाऊ धरतो. भंगाराला भाव असतोच. पण कोणी चांगली नळी मॉडेलसाठी कापली असेल तर ते टाकाऊ नाही, आणि हे मी बघून ओळखतो. वापरलेल्या नळीत क्षार बसलेला असतो, तोटीच्या भोकाजवळ पांढरा थर दिसतो. तशीच कोल्ड्रिंकची बाटली. लेबल चकचकीत, आत अजून गोड वास येतोय म्हणजे स्पर्धेसाठीच ओतून प्यायली.

वायरमन

हा हा. आबा वास घेऊन गुण देतात.

माझी एक अडचण सांगतो, तुमच्या स्पर्धेत येणारच आहे. जुन्या डीव्हीडी प्लेअरमधली मोटर, सीडीचा पंखा, सगळं भंगारातलं, पण वर दोन नवे सेल. सेल काम करणारा भाग आहे, काढला की बंद. मग तुमच्या नियमाने पुनर्वापर घटला की नाही?

भरीतपार्टी

सेल मी पाण्यासारखा धरतो. हापशात ओतलेलं पाणी आपण भागांत मोजलं नाही, तसाच सेल. मोजायचा नाही.

पऱ्हाटी

पाणी परत बादलीत जातं, आबा. सेल संपला की कचऱ्यात. तो कसा मोजायचा नाही? उलट टाकाऊच्या स्पर्धेत नवा कचरा करणाऱ्याचे गुण कापा.

वायरमन

मग हाताने फिरवायचा पंखा करणाऱ्याला जास्त द्यायचे? तेही पटतंय थोडं. तीच मोटर उलटी फिरवली तर बारीक एलईडी लागतो, मी वर्गात दाखवतो, फक्त गिअरसकट घ्यावी लागते, नुसत्या बोटांनी तेवढी गती येत नाही. पण सेल लावला म्हणून सरळ गुण कापणं मला तरी जड जाईल.

खापरपोळी

पाइप २८ मिमीच घेतला तर चालेल ना? इथे भंगारवाल्याकडे सव्वा इंचीचा आहे म्हणतो.

भरीतपार्टी

चालेल ताई, पण जाड पाइपाला हापसायला जोर जास्त लागेल आणि पाचवीची मुलगी आहे. आधी पाइपाच्या आत वायसर कसं बसतं ते तिलाच करून बघू द्या, सैल झालं तर काय गुंडाळायचं ते सांगू नका.

तापीकाठ

सेलचं मी केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. सहपरीक्षक दुसऱ्या शाळेतले आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं. एवढं ठरलं की दोघं आधी वेगवेगळे गुण लिहू, मगच कागद एकमेकांना दाखवू, आणि भागांची यादी प्रत्येक मुलाकडून स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याच्याच अक्षरात मागवू. वापरलेल्या सिरिंजची सूचना आज शाळांच्या ग्रुपवर टाकली. दुभाषा शिक्षक त्याच मुलाच्या शाळेचा नको, असं सातपुडाताईंच्या शंकेवरून मी सुचवलं, पण आमच्या केंद्रात पावरी जाणणारे तेवढे शिक्षकच नाहीत.

सातपुडा_वाट

मग मुलाला मुलगाच जोडीला द्या. दुसऱ्या शाळेतला, त्याच भाषेचा. मुलं उत्तर सुधारून सांगत नाहीत, जसंच्या तसं सांगतात. कधी कधी वर "हा चुकीचं सांगतोय" असंही सांगतात.